गुगलची स्मार्ट जाहिरात : पैसे नेमके कुठं जातात, आणि पूर्ण ताबा कधी घ्यावा?

वाइंडिंग_जालना

नमस्कार मंडळी. जालन्यात आमचं मोटार रिवाइंडिंग आणि सबमर्सिबल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. गुगलवर स्मार्ट कॅम्पेन चालू आहे, दिवसाला 300 रुपये. दुकानाभोवती 60 किलोमीटरचं वर्तुळ दिलंय. `Keyword themes` मध्ये, म्हणजे शोधाच्या विषयांत, "पंप दुरुस्ती", "वॉटर पंप", "मोटार रिपेअर" एवढंच टाकलंय.

गेल्या महिन्याचे आकडे असे : जाहिरात 2,10,000 वेळा दिसली, 1,260 क्लिक, खर्च 9,000. कॉलचं बटण 96 वेळा दाबलं असं दाखवायलंय. आमच्या वहीत जाहिरात बघून आलेले फोन 41 (प्रत्येकाला विचारतो, नंबर कुठून मिळाला म्हणून), आणि कामं मिळाली 11. म्हणजे एका कामामागं 818 रुपये जाहिरातीलाच गेले. तांबं अन् मजुरी जाऊन एका कामात हजाराच्या आसपास उरतात, आता तुम्हीच हिशोब करा.

फोनमध्ये निम्मे लोक "सौर पंपाचा अर्ज तुमच्याकडं भरून मिळतो का" विचारायलेत. काही जण संभाजीनगरहून, "घरी येऊन टाकीची मोटार बघता का" म्हणून. बजेट वाढवावं, बंद करावं, की ते `Expert Mode` चं प्रकरण शिकावं?

नांदेडकर_माधव

भाऊ, सोपं आहे. वर सेटिंगच्या चिन्हात `Switch to Expert Mode` असतं, ते दाबा. तुमचं तेच कॅम्पेन पूर्ण उघडतं. मग शब्द, रेट, जागा सगळं हातात येतं. पाच मिनिटांचं काम. आणि `price`, `solar`, `yojana` हे शब्द नकोच्या यादीत टाकून द्या.

लातूर_क्लासेस

आम्ही क्लासेससाठी फेसबुकवर पैसे देऊन पोस्ट बूस्ट करतो. वय 35 ते 50, लातूर आणि उदगीर, आवड शिक्षण. नीटच्या बॅचच्या वेळेला चांगलं चालतं. तुम्ही पण शेती आवड असणारे लोक निवडा, गुगलच्या भानगडीत पडू नका.

परभणी_सुजाता

माधवदादा, अर्धं बरोबर आहे. `Expert Mode` नं खात्याचा चेहरा बदलतो, सगळे मेनू दिसू लागतात. पण आधीचं स्मार्ट कॅम्पेन स्मार्टच राहतं. ते उघडलं तरी आत `Keyword themes` च दिसणार, शब्दाचा रेट नाही, जुळणीचा प्रकार नाही. ताबा हवा असेल तर त्याच खात्यात `Search` प्रकारचं नवं कॅम्पेन बनवावं लागतं. बरेच जण मोड बदलून "मी एक्स्पर्टवर गेलो, तरी फरक नाही" म्हणतात, त्याचं कारण हेच.

लातूरच्या दादांना एवढंच सांगते की मोटार जळालेला माणूस फेसबुक चाळत बसत नाही. तो त्या मिनिटाला शोधतो. क्लासेसचा निर्णय महिनाभर घोळतो, तिथं बूस्ट चालेल. हे दुकान शोधातच सापडलं पाहिजे.

आता जालन्याचे आकडे बघू. 2,10,000 वेळा दिसून 1,260 क्लिक, म्हणजे हजारात सहा. "मोटार रिवाइंडिंग जालना" असं शोधणाऱ्या माणसासमोर जाहिरात आली तर शंभरात तीन-चार जण तरी दाबतातच. हजारात सहा हा आकडा सांगतो की जाहिरात बऱ्याच वेळा शोध न करणाऱ्यांसमोर गेलीय. स्मार्ट कॅम्पेन गुगल शोध आणि मॅप्ससोबत यूट्यूब, जीमेल आणि इतर भागीदार संकेतस्थळांवरही दिसू शकतं. तिथलं प्रमाण तुम्ही ठरवू शकत नाही, आणि "फक्त शोधात दाखव" असं सांगायचं बटणच नाही. दुसरा पुरावा क्लिकचा भाव. 9,000 भागिले 1,260 म्हणजे सात रुपयांहून थोडं जास्त. क्लिक स्वस्त वाटतो, पण 1,260 क्लिकमधून 41 फोन म्हणजे तिसाला एक. ती मोटार बंद पडलेली माणसं असती तर तीसपैकी एकानंच फोन केला नसता.

96 आणि 41 मधला फरकही समजून घ्या. 96 ही बटण दाबल्याची संख्या आहे, बोलणं झाल्याची नाही. बटण दाबलं की फोनमध्ये नंबर उघडतो, पुढं डायल केलं की नाही हे त्या आकड्यात येत नाही. चुकून लागलेला अंगठाही त्यातच मोजला जातो.

आणि इथंच खरी अडचण आहे. स्मार्ट कॅम्पेन बोली, म्हणजे एका क्लिकला किती द्यायचं ते, स्वतः लावतं, आणि काय चाललं काय नाही हे ओळखायला त्याच्याकडं क्लिक, कॉलचं बटण, नकाशावरची दिशा एवढ्याच खुणा आहेत. सौर पंपाच्या अर्जासाठी बटण दाबणारा आणि जळालेली मोटार घेऊन येणारा यांत त्याला फरक करता येत नाही. उलट अर्जवाले संख्येनं जास्त, बटण पटकन दाबणारे. मग यंत्रणेच्या दृष्टीनं "पंप" या विषयात तेच चांगले ग्राहक ठरतात, आणि आणखी तसलेच शोध गोळा होतात. बजेट दुप्पट केलंत तर हाच माल दुप्पट येईल.

वाइंडिंग_जालना

ताई, हे कुणी असं उलगडून सांगितलंच नव्हतं. पण त्यात शोधवाक्यांची यादी दिसते की. मी बघितली. `solar pump yojana maharashtra`, `magel tyala solar pump status`, `petrol pump near me` असलं बरंच आहे. तिथं एकेक बंद करता येतं. तेवढं केलं तर भागणार नाही का?

परभणी_सुजाता

आधी तेच करा, नक्की. स्मार्टमध्ये नको असलेले विषय टाकायची सोय आहे. "solar", "सौर", "योजना", "yojana", "petrol" हे टाका आणि दोन आठवडे थांबा. फोनची जात बदलली तर पुढचं काही करायची गरज नाही.

पण तुमच्या धंद्यात ते पुरेल असं वाटत नाही, कारण मुळात तुम्ही दिलेला विषयच मोठा आहे. "वॉटर पंप" म्हटलं की त्यात नवीन पंपाची किंमत, टाकीचा छोटा पंप, कूलरची मोटार, फवारणीचा पंप, सरकारी योजना सगळंच येतं. विषय हा शब्द नव्हे, तो यंत्रणेनं तिच्या अंदाजानं वाढवायचा धागा आहे. एक तोंड बंद केलं की ती दुसरं शोधते. म्हणून मी कसोटी अशी लावते : दोन आठवडे बंदी घातल्यावरही यादीत नव्या रूपात तीच गर्दी येत असेल, तर तो धंदा स्मार्टमध्ये मावत नाही. तुमच्यासारखा शब्द, ज्याचे पाच अर्थ आणि एकच गिऱ्हाईक, तिथं असं होतंच.

बीड_मंगलकार्यालय

मग माझं काय? बीडजवळ मंगल कार्यालय आहे. स्मार्टच चालू आहे, दिवसाला 150. संकेतस्थळ नाही, गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद आहे तेवढीच. मीही बदलू का?

परभणी_सुजाता

तुमच्या यादीत काय दिसतं? "मंगल कार्यालय बीड", "marriage hall in beed", "लॉन्स" अशीच वाक्यं असतील तर हलू नका. शोधणारा आणि तुमचं गिऱ्हाईक जवळजवळ एकच आहे, गळती कमी. शिवाय `Search` कॅम्पेनला जाहिरात दाबल्यावर उघडायला एक पान लागतं, स्मार्टला नकाशावरची नोंद चालून जाते. गुगलनं त्या नोंदीसोबत मिळणारी फुकट संकेतस्थळं मार्च 2024 मध्ये बंद केली, त्यामुळं तुम्हाला आधी एखादं साधं पान बनवून घ्यावं लागेल. तारखांच्या दिवसांत बजेट वाढवा आणि चातुर्मासात कमी करा, तुमच्यासाठी एवढा ताबा पुरे.

घनसावंगीचा_गणेश

मी शेतकरी माणूस, जाहिरातीतलं कळत नाही. पण आम्ही शोधतो कसं ते सांगतो, त्याचा उपयोग होईल. आमच्याकडं कुणी "सबमर्सिबल पंप रिपेअर" म्हणत नाही. "पाणबुडी मोटार जळाली", "मोटार भरायचं दुकान" असं म्हणतो, आणि टाइप कोण करतंय, माइकवर बोलतो. बोललेलं कधी मराठीत उमटतं तर कधी इंग्रजी अक्षरांत. रात्रीची लाइट असली अन् स्टार्टर सारखा ट्रिप झाला की पहाटेच शोधायला लागतो, म्हणजे सकाळी मोटार टेम्पोत टाकता येते. आणि सौर पंपवाल्यांना तुमचा उपयोग नाही, ते खरंय. योजनेतल्या पंपाला पाच वर्षं कंपनीची दुरुस्ती असते, ते तुमच्याकडं कशाला आणतील?

वाइंडिंग_जालना

गणेशभाऊ, "मोटार भरणे" हा शब्द आम्हीच दिवसात पन्नासदा बोलतो, अन् जाहिरातीत मात्र टाकला नाही. ताई, स्मार्टमध्ये बंदी घालतो. पण तोवर नवं कॅम्पेन कसं लावायचं ते क्रमानं सांगाल का? आमचं एक पानाचं संकेतस्थळ आहे, त्यावर पत्ता आणि नंबर आहे.

परभणी_सुजाता

गणेशभाऊंनी दिलेली वाक्यं सोन्यासारखी आहेत, कुठल्याच साधनात मिळत नाहीत अशी.

आधी रेट ठरवा, कारण बाकी सगळं त्यावर टेकतं. एका कामात 1,000 उरतात. त्यातले 400 जाहिरातीला द्यायला तयार आहात असं धरू. बरोबर माणूस आला तर दहा क्लिकमागं एक फोन आणि दोन फोनमागं एक काम, असा सुरुवातीचा अंदाज ठेवा. म्हणजे वीस क्लिकला एक काम. 400 भागिले 20, क्लिकचा कमाल भाव 20 रुपये. हा अंदाज आहे, वहीतले आकडे आले की बदलायचा. `Expert Mode` मध्ये `Keyword Planner` मिळतो. त्यात तुमची वाक्यं टाकून वरच्या जागेच्या बोलीचा खालचा आणि वरचा आकडा बघा. 20 त्या दोन्हींच्या मध्ये पडत असेल तर ठीक.

मग नवं कॅम्पेन. उद्दिष्ट विचारतील तिथं मार्गदर्शनाशिवायचा पर्याय घ्या, प्रकार `Search`. बोलीत `Clicks` निवडा आणि `Maximum CPC bid limit` मध्ये 20 लिहा. ही मर्यादा लिहायचं राहिलं तर एकेका क्लिकला साठ-सत्तर गेलेले दिसू शकतात.

`Networks` मध्ये दोन खुणा आधीच केलेल्या असतात, एक शोध भागीदारांची, एक डिस्प्लेची, म्हणजे इतर संकेतस्थळांवर दिसायची. दोन्ही काढा. तुमच्या 2,10,000 मधला मोठा भाग याच दाराबाहेर राहील.

जागेत 60 किलोमीटरचं वर्तुळ नको. सरळ रेषेत संभाजीनगर त्यात येतं, म्हणून तिकडचे फोन. जालन्याभोवती 15, आणि बदनापूर, अंबड, घनसावंगी, देऊळगाव राजा इथं प्रत्येकी 10 किलोमीटरची वेगळी वर्तुळं काढा. देऊळगाव राजा बुलढाण्यात असला तरी तिथली मोटार जालन्यालाच येते. छत्रपती संभाजीनगर वगळा, यादीत जुन्या नावानंही शोधून बघा. त्याखाली `Location options` म्हणून दुमडलेली ओळ असते. तिथं आपसूक `Presence or interest` असतं, म्हणजे पुण्यात बसून जालन्याबद्दल शोधणाराही चालतो. ते बदलून `Presence` करा. स्मार्टमध्ये हा पर्यायच नसतो.

भाषेचा पर्याय दिसला तर इंग्रजी, हिंदी आणि मराठी तिन्ही घ्या. शेतकऱ्याचा फोन इंग्रजीत असतो आणि बोलणं मराठीत. स्मार्टमध्ये एका कॅम्पेनला एकच भाषा निवडावी लागते. `AI Max` आणि ब्रॉड मॅच, म्हणजे गुगलनं तुमचे शब्द स्वतःच्या अंदाजानं वाढवायचे खटके, दिसले तर बंद ठेवा, नाहीतर मागच्या दारानं पुन्हा स्मार्टच येतं.

शब्द असे लिहा. अवतरणचिन्ह म्हणजे वाक्याचा अर्थ शोधात असलाच पाहिजे, चौकोनी कंस म्हणजे त्याच अर्थाचा शोध, त्याहून जास्त काही नाही.

```
"motor rewinding"
"submersible pump repair"
"panbudi motor repair"
"मोटार रिवाइंडिंग"
"मोटार भरायचं दुकान"
"पाणबुडी मोटार दुरुस्ती"
[motor winding shop near me]
```

नांदेडकर_माधव

ताई, बरं झालं चूक दुरुस्त केलीत, मोड बदलण्याबद्दल मला तसंच वाटत होतं. पण नकोची यादी मी दिलेली चालेल ना? `price`, `solar`, `yojana`.

परभणी_सुजाता

`solar` आणि `yojana` बरोबर. `price` नको. नकोच्या यादीत एकटा शब्द टाकला की तो शब्द ज्या ज्या शोधात असेल ते सगळं बंद होतं. `5 hp motor rewinding price` असं शोधणारा तर यांचं पक्कं गिऱ्हाईक आहे, मोटार जळालीय आणि तो भाव विचारतोय. अडवायचाय तो नवीन पंप घेणारा. म्हणून शब्द नाही, जोडी अडवा. आणि इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची. हव्या शब्दांना गुगल मिळतेजुळते अर्थ स्वतः जोडतं, नकोच्या शब्दांना जोडत नाही. अक्षरांची चूक तेवढी सांभाळून घेतं. `yojana` टाकलं म्हणून "योजना" बंद होत नाही, "सोलर" टाकलं म्हणून "सौर" बंद होत नाही. प्रत्येक रूप, दोन्ही लिपींत, हातानं.

```
solar
सोलर
सौर
yojana
योजना
petrol
पेट्रोल
course
job
"pump price"
"new pump"
"नवीन पंप"
```

संभाजीनगर_अनिकेत

सुजाताताई, बहुतेक पटतं, पण `Clicks` ची बोली मला पटत नाही. मर्यादा घातली तरी यंत्रणा त्या मर्यादेच्या आत जास्तीत जास्त क्लिक गोळा करायला जाते, म्हणजे स्वस्त शब्दाकडं झुकते. माझ्या मते लहान दुकानानं सुरुवातीला `Manual CPC` घ्यावं. "मोटार भरायचं दुकान" ला 22, "submersible pump repair" ला 14, असं शब्दागणिक ठरवता येतं. आणि स्मार्ट पूर्ण बंद करू नका, दिवसाला 50 रुपयांवर ठेवा. मॅप्सवरचे लोक तिथून येतात.

परभणी_सुजाता

`Manual CPC` बद्दल तुमचा मुद्दा खरा आहे. शब्द सात-आठच आहेत, आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास बसणारा माणूस असेल तर तेच चांगलं. मी `Clicks` सांगितलं कारण दुकानदार उन्हाळ्यात बसू शकत नाही. फेब्रुवारी ते मेमध्ये दुकानात मोटारींची रांग असते, तेव्हा कुणी बोल्या बदलत नाही. बसायची तयारी असेल तर अनिकेतचं ऐका.

स्मार्ट 50 वर ठेवण्याला मात्र माझा विरोध आहे. दोन्ही एकाच वेळी चालली तर वहीतला फोन कुठल्या कॅम्पेनचा ते कसं कळणार? तुलनाच बिघडते. मॅप्ससाठी `Search` कॅम्पेनला दुकानाची नोंद `Location asset` म्हणून जोडली की जाहिरात मॅप्सवरही येऊ शकते. आणि नकाशावरची तुमची फुकट नोंद तर जाहिरातीशिवायही दिसतेच. स्मार्ट थांबवा, पण पुसू नका. जुनी शोधवाक्यं बघायला लागतात.

संभाजीनगर_अनिकेत

तुलना बिघडते हे मान्य. पण मी दुकानात बघतो ते वेगळं आहे, स्मार्ट थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत नकाशावरून येणारे फोन कमी होतात. `Location asset` नं ते पूर्ण भरून निघत नाही असा माझा अनुभव. प्रत्येक धंद्यात तसंच होईल असं म्हणणार नाही.

परभणी_सुजाता

असेल. मग जालन्याच्या दादांनी आधी महिनाभर फक्त `Search` चालवावं, नंतर हवं तर स्मार्ट 50 वर सोडून फरक बघावा. एका वेळी एकच बदल करायचा.

वाइंडिंग_जालना

समजलं. दोन शंका. एक, जाहिरातीसाठी वेगळं सिम घेतलं तर कुठला फोन जाहिरातीचा हे विचारायची गरजच राहणार नाही, ते चालेल का? दोन, बजेट 300 च ठेवू?

परभणी_सुजाता

वेगळं सिम हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा विचार आहे. फक्त तो नंबर जाहिरातीतून उघडणाऱ्या पानावरही लिहा. गुगल नंबरची पडताळणी करतं, आणि पानावर दुसराच नंबर असला तर `Call asset`, म्हणजे जाहिरातीला जोडलेला फोन नंबर, नाकारला जाऊ शकतो. जमलं तर संकेतस्थळावर जाहिरातीसाठीच एक वेगळं पान ठेवा, मुख्य पानावर जुना नंबर राहू द्या. वहीत चार रकाने पुरतात : तारीख, गाव, काय विचारलं, काम झालं की नाही. बटणाचा आकडा सोडून द्या, तुमचा खरा हिशोब ही वही.

बजेट 300 ठेवा. 20 च्या मर्यादेत रोज किमान 15 क्लिक बसतात. पण तेवढे होतीलच असं नाही, जालना आणि चार गावांत रोज मोटार जळालेले किती लोक जाहिरात दाबणार? काही दिवस 120 रुपयेच जातील. तेव्हा घाबरून वर्तुळ मोठं करू नका, "पंप" असा मोकळा शब्द टाकू नका. शिल्लक राहिलेले पैसे म्हणजे आधी अर्जवाल्यांवर जाणारे पैसे. उलट एखाद्या दिवशी 600 पर्यंत गेले तरी दचकू नका, दिवसाच्या दुप्पट खर्च होऊ शकतो. महिन्याला मात्र 300 गुणिले 30.4, म्हणजे 9,120 च्या वर जात नाही.

बीड_मंगलकार्यालय

एक मध्येच विचारते. मी 10,000 भरले तर खात्यात कमी दिसतात, ते काय?

संभाजीनगर_अनिकेत

आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीत त्यातूनच 18 टक्के जीएसटी कापला जातो. 10,000 भागिले 1.18, जाहिरातीला 8,474 आणि काही पैसे. पुरे 10,000 वापरायचे असतील तर 11,800 भरा. जीएसटी नंबर असेल तर पेमेंटच्या माहितीत टाका, म्हणजे इनपुट क्रेडिट घेता येतं.

वाइंडिंग_जालना

आणि चालू केल्यावर रोज काय बघायचं?

परभणी_सुजाता

रोज काही नाही. पहिल्या दोन आठवड्यांत दर तीन दिवसांनी `Search terms` उघडा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : हे शोधणारा माणूस माझ्या दुकानात मोटार आणेल का? नाही, तर त्यातला दोषी शब्द नकोच्या यादीत. हो, आणि तो शब्द तुमच्या यादीत नाही, तर हव्या यादीत. इथंही सगळं दिसत नाही हे सांगून ठेवते. सप्टेंबर 2020 पासून फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल नावानिशी दाखवत नाही, ते एका ढोबळ ओळीत जातात. त्या ओळीत निम्म्याहून जास्त खर्च दिसला तर तुमचे शब्द अजून सैल आहेत, चौकोनी कंस वाढवा.

क्लिक 1,260 वरून चारशे-पाचशेवर येतील आणि एकेकाचा भाव दुप्पट होईल. ते बिघडलं असं समजून परत फिरू नका. बघायचा आकडा एकच, महिन्याचा खर्च भागिले वहीतली कामं. आज तो 818 आहे. महिनाभरानं 500 च्या खाली नसेल तर इथंच आकडे टाका, बघू.

एक काम पहिल्याच दिवशी करा. `Recommendations` मध्ये `Auto-apply` म्हणून जागा असते, तिथल्या सगळ्या खुणा काढा. त्या राहिल्या तर शब्द आणि बोल्या तुमच्या परवानगीशिवाय बदलू शकतात, आणि महिन्यानं वाटतं की आपणच काहीतरी चुकलो.

घनसावंगीचा_गणेश

जाहिरातीची वेळ काय ठेवणार? दुकान नऊला उघडतं म्हणून नऊपासून ठेवली तर आमचे पहाटेचे शोध चुकतील.

वाइंडिंग_जालना

हो भाऊ, नऊ ते आठच टाकणार होतो.

परभणी_सुजाता

गणेशभाऊंचं बरोबर आहे, सकाळी पाचपासून ठेवा. पण त्या वेळी नवा नंबर उचलणारा कुणीतरी हवा. न उचललेल्या फोनचेही पैसे गेलेलेच असतात, आणि तो माणूस यादीतल्या पुढच्या दुकानाला लावतो. उचलणं शक्य नसेल तर नऊचीच वेळ ठेवा, आणि सातला फोन उचलणारा माणूस मिळाला की सात करा.

वाइंडिंग_जालना

पुतण्या सहाला उठतो. सिम त्याच्याकडंच देतो, वेळ सकाळी सहा ते रात्री आठ. स्मार्टमध्ये बंदीचे शब्द आत्ताच टाकले, दोन आठवड्यांनी यादी इथं डकवतो.